प्रकल्प नोंदी: पावसाळी मरीन ड्राइव्हच्या दृश्यातला ब्लूम आणि ओल्या रस्त्यावरची लुकलुक

9 जून 2025

दृश्य असं आहे: रात्रीचा मरीन ड्राइव्ह, पाऊस नुकताच थांबलाय, कॅमेरा नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीच्या दिशेने हळू सरकतोय. डावीकडे टेट्रापॉड आणि समुद्र, उजवीकडे ओला रस्ता, समोर दिव्यांची वळत जाणारी माळ आणि तिच्या टोकाला मलबार हिल. रिझोल्यूशन 1920×1080, दृश्याचा बफर RGBA16F.

थांबलेल्या फ्रेममध्ये ब्लूम, म्हणजे उजळ जागांभोवती पसरणारं प्रकाशाचं वलय, छान दिसतो. कॅमेरा हलला की रस्त्यावर जागोजागी हाताच्या पंजाएवढी पिवळट वलयं पेटतात आणि विझतात. वलयाच्या मध्याशी बघावं तर तिथे एकच पिक्सेल असतो, आणि तोही पुढच्या फ्रेमला गायब. रेंडरिंगवाले याला काजवे म्हणतात ते उगाच नाही.

ब्लूम बंद केला तर तेच पिक्सेल जवळपास लक्षातही येत नाहीत, कारण टोनमॅपिंगनंतर, म्हणजे किमती पडद्याच्या मर्यादेत बसवल्यावर, 2000 काय आणि 20 काय, दोन्ही पांढरेच. म्हणजे ब्लूम काजवा तयार करत नाही, तो त्याला मोठा करून दाखवतो. किती मोठा, ते कागदावर मांडून पाहिलं.

ओल्या रस्त्याची तेजस्विता साधारण 0.05 आहे (सगळे आकडे एक्स्पोजर लावल्यानंतरचे). त्यात एका पिक्सेलवर दिव्याचं प्रतिबिंब नेमकं पडलं की तिथे 2000. ब्लूमसाठी चित्र पातळीगणिक निम्मं लहान होत जातं, सध्याच्या साखळीत प्रत्येक पातळीला साधी 2×2 सरासरी आहे, म्हणून तो आकडा 500, 125, 31, 7.8, 1.95 असा उतरतो. पाचव्या पातळीचा एक टेक्सेल, म्हणजे त्या लहान चित्राचा एक पिक्सेल, मूळ चित्रातल्या 32×32 पिक्सेलांचा चौकोन व्यापतो. त्या पातळीचा वाटा 0.04 धरला तरी 0.078 मिळवले जातात, आणि खालचा रस्ता 0.05 आहे. एका पिक्सेलमुळे हजार पिक्सेलांचा पट्टा दुपटीहून जास्त उजळतो आणि पुढच्या फ्रेमला परत काळा होतो.

10 जून

आधी उंबरठ्याचं पाहिलं. जुन्या पद्धतीने 1.0 च्या वरचंच ब्लूममध्ये जात होतं. रस्त्यावरच्या पुसट प्रतिबिंबाची किंमत 0.98 वरून 1.02 झाली की ते एकदम आत येतं, परत खाली आलं की एकदम बाहेर. ही लुकलुक आपणच तयार केलेली. शिवाय डोळ्यात किंवा भिंगात प्रकाश पसरतो तो सगळ्याच किमतींचा पसरतो, भिंगाला कुठलाही उंबरठा ठाऊक नसतो.

उंबरठा काढून टाकला. आता सगळं दृश्य साखळीत जातं आणि शेवटी

```glsl
vec3 c = mix(scene, bloom, 0.04);
```

एवढंच. बेरीज न करता मिश्रण केल्याने एकूण प्रकाश वाढत नाही, आणि कडेला राखाडी धुकं चढायची जुनी तक्रारही मिटते. अट एकच: `bloom` चे सगळे वाटे मिळून 1 झाले पाहिजेत. त्याची नोंद खाली 27 तारखेला आहे.

काजव्यांवर याचा परिणाम शून्य. तो अपेक्षितच होता.

12 जून

2×2 सरासरी काढून 13 नमुन्यांचं डाउनसॅम्पल बसवलं. हे होर्हे हिमेनेझने सिग्राफ 2014 मध्ये मांडलेलं आहे. लक्ष्य टेक्सेलच्या मध्यापासून (±1, ±1) वर चार नमुने, हा मधला गट, वजन 0.5. मग (0,0), (±2,0), (0,±2), (±2,±2) या नऊ जागांतून चार कोपऱ्यांचे गट, प्रत्येकी 0.125. अंतरं मूळ चित्राच्या पिक्सेलांत. प्रत्येक नमुना बायलिनियर असल्याने तो स्वतःच चार पिक्सेलांची सरासरी आणतो.

फायदा असा की शेजारच्या टेक्सेलांची व्याप्ती एकमेकांवर चढते. पूर्वी काजवा एका चौकोनातून दुसऱ्यात गेला की वलय 32 पिक्सेल उडी मारायचं, आता ते सरकतं. पण पेटणं-विझणं तसंच आहे, कारण एकूण प्रकाश तेवढाच आहे.

13 जून

आता ब्रायन कॅरिसची भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक नमुन्याला `1/(1+luma)` वजन, luma म्हणजे त्याची तेजस्विता. ती फक्त पहिल्या डाउनसॅम्पलला लावायची, पुढच्या पातळ्यांवर नाही. पहिल्या पातळीनंतर एकटा पिक्सेल उरलेलाच नसतो, आणि पुढेही लावली तर खऱ्या दिव्यांची वलयंच बारीक होतात.

पहिल्याच प्रयत्नात सगळा ब्लूम मातकट झाला. दिवा, टॅक्सीचा हेडलाइट, दुकानाची पाटी, सगळ्यांची वलयं एकसारखी फिकी. चूक शेडरमध्ये सापडली: वजनाने गुणलं होतं, पण वजनांच्या बेरजेने भागलं नव्हतं. असं झालं की सूत्र नकळत `x/(1+x)` होतं, म्हणजे एक छोटं टोनमॅपिंगच. मग 2000 चा भरीव पांढरा पट्टासुद्धा 0.9995 वर येऊन बसतो. ही चूक इतरांच्या नमुना कोडमध्येही आढळते, म्हणून दुरुस्त रूप इथे ठेवतोय:

```glsl
vec3 groupAvg(vec3 a, vec3 b, vec3 c, vec3 d, float k) {
    vec4 w = 1.0 / (1.0 + k * vec4(luma(a), luma(b), luma(c), luma(d)));
    return (a*w.x + b*w.y + c*w.z + d*w.w) / dot(w, vec4(1.0));
}
```

चूक ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्या पडद्यावर 2000 भरा आणि पहिली पातळी वाचा. 2000 च यायला हवेत.

`k = 1` ठेवून हिशेब: काजव्याचा पिक्सेल 2000, बायलिनियर नमुन्यात 500, गटातले बाकी तीन 0.05. भारित सरासरी येते 0.40. साधी सरासरी 125 आली असती. रस्ता शांत झाला.

16 जून

रस्ता शांत झाला, पण दिव्यांची माळ लुकलुकायला लागली. आधी ती स्थिर होती. या गोष्टीसाठी दोन दिवस गेले आणि ते द्यायलाच हवे होते, कारण कॅरिसची सरासरी लावली की काजव्यांचा प्रश्न संपला असं सर्रास धरलं जातं.

चाचणीसाठी काळ्या पटावर (0.05) 2×2 पिक्सेलांचा एक दिवा ठेवला, किंमत 2000. तो एका पिक्सेलने उजवीकडे सरकवला आणि पहिल्या पातळीतला सगळ्यात उजळ टेक्सेल वाचला.

दिवा टेक्सेलच्या बरोबर मध्ये असताना मधल्या गटातले चारही नमुने प्रत्येकी 500 असतात. चारही सारखे म्हटल्यावर वजनांना कापायला काही उरत नाही, गट 500 राहतो. कोपऱ्याच्या गटांत मात्र 2000 आणि तीन वेळा 0.05, त्यांचे 0.40. एकूण 250.

दिवा एक पिक्सेल सरकला की मधल्या गटात दोन नमुने 1000 आणि दोन 0.05. भारित सरासरी 1.1. कोपऱ्याचे गट 1.1 किंवा 0.4. एकूण 0.92, आणि तेवढाच शेजारच्या टेक्सेलमध्ये.

250 वरून 0.92, एका पिक्सेलच्या सरकण्याने! साध्या सरासरीने हाच फरक 500 वरून 437 एवढाच होता आणि एकूण बेरीज जशीच्या तशी राहत होती. म्हणजे भारित सरासरी एकट्या पिक्सेलचा काजवा मारते आणि त्या बदल्यात दोन-तीन पिक्सेलांच्या खऱ्या दिव्याचा काजवा करते. कारण सरळ आहे: काय कापायचं हे ती शेजाऱ्याकडे पाहून ठरवते, आणि शेजारी कोण हे ग्रिडच्या जुळणीवर अवलंबून असतं. उजेड आणि काळोख यांतली तफावत जितकी मोठी, तितका हा दोष भयंकर. दिवसाच्या दृश्यात तो जाणवतही नाही. रात्रीच्या मरीन ड्राइव्हवर तो सगळीकडे आहे.

18 जून

उपाय दोन टप्प्यांत. आधी प्रत्येक पिक्सेलला स्वतःपुरती मर्यादा, शेजाऱ्याकडे न पाहता. अशा मर्यादेला ग्रिड ठाऊकच नसतो, त्यामुळे सरकण्याने ती बदलत नाही. मग भारित सरासरी, पण सौम्य.

मर्यादा `M = 64` ठेवली, एक्स्पोजर लावल्यानंतरच्या किमतीवर. एक्स्पोजरच्या आधी लावली तर दिवसाच्या दृश्यात सगळंच कापलं जाईल आणि रात्री काहीच नाही.

```glsl
vec3 limitForBloom(vec3 c, float M) {
    if (any(isnan(c))) return vec3(0.0);
    c = clamp(c, vec3(0.0), vec3(65000.0));
    float m = max(c.r, max(c.g, c.b));
    return c * min(1.0, M / max(m, 1e-4));
}
```

कापताना सगळ्यात मोठा चॅनल पाहून तिन्ही चॅनल एकाच प्रमाणात खाली आणायचे. पिवळ्या दिव्याचा रंग (2000, 900, 200) आहे. चॅनल वेगवेगळे कापले तर (64, 64, 64), म्हणजे पिवळ्या दिव्याला पांढरं वलय. एका प्रमाणात आणले तर (64, 28.8, 6.4), वलय पिवळंच राहतं. आमच्या पहिल्या चाचणीत माळेतले दिवे ट्यूबलाइटसारखे दिसत होते, त्याचं कारण हेच होतं.

दुसरी गोम: ही मर्यादा 13 नमुन्यांच्या शेडरमध्ये नमुना वाचल्यानंतर लावून चालत नाही. बायलिनियर वाचन चार पिक्सेल आधीच मिसळून देतं. 2000 चा पिक्सेल आपल्या हातात 500 होऊन येतो आणि कापला की 64. खरं तर तो आधी 64 व्हायला हवा, मग मिसळून 16. चौपट फरक. म्हणून दृश्याची मर्यादित प्रत आधीच्याच पासमध्ये दुसऱ्या टार्गेटवर लिहितो. मूळ दृश्य न कापलेलंच राहतं, शेवटच्या मिश्रणात तेच जातं.

`k` आता 1 ऐवजी 1/16. हिशेब पुन्हा: एकटा काजवा पहिल्या पातळीत 2.3 (मर्यादा लावून साधी सरासरी 4 देते). 2×2 दिवा मध्ये असताना 10.0, एक पिक्सेल सरकल्यावर 6.9. पूर्वीच्या 250 आणि 0.92 च्या शेजारी हे ठेवून पाहा. पाचव्या पातळीपर्यंत भारित सरासरीशिवायसुद्धा काजव्याचे 64/1024, म्हणजे 0.0625 उरतात. 0.04 ने गुणले की 0.0025, रस्त्याच्या 0.05 चे पाच टक्के. डोळ्याला कळत नाही.

याची किंमतही लिहून ठेवायला हवी. ब्लूमपुरता 2000 चा दिवा आणि 100 ची पाटी आता सारख्याच. मोठ्या वस्तूचं वलय क्षेत्रफळामुळे मोठं राहतं, म्हणून दृश्यात ते खटकत नाही. पण सूर्य दाखवायचा असेल तर `M` वाढवावा लागेल किंवा सूर्याचं वलय वेगळं काढावं लागेल.

19 जून

पडद्यावर काळे चौकोन. एका फ्रेमला छोटा, पुढे मोठा, मग अर्धा पडदा काळा.

हे NaN, म्हणजे संख्याच नसलेली किंमत. RGBA16F मध्ये 65504 च्या वर Inf, म्हणजे अनंत होतो. भारित सरासरीत Inf चं वजन 1/(1+Inf), म्हणजे 0, आणि Inf × 0 म्हणजे NaN. तो प्रत्येक पातळीला शेजारी पसरतो, आणि फ्रेमचा इतिहास वापरणारा पास असला की कायमचा राहतो. काल मर्यादेचं फंक्शन बसवलं तरी जुना पास एका ठिकाणी थेट दृश्य वाचत होता. तो बदलला. चौकोन पातळीच्या टेक्सेलएवढे आखीव दिसले की आधी NaN शोधावा, फिल्टरमध्ये वेळ घालवू नये.

ब्लूमच्या पातळ्यांसाठी R11G11B10F वापरून पाहिलं. मेमरी निम्मी लागते. पण निळ्याला मँटिसाचे 5 बिट आणि लाल-हिरव्याला 6, त्यामुळे समुद्रावरच्या काळोखात पुसट वलयाच्या कडेला रंगीत पट्टे दिसतात. रात्रीच्या दृश्यासाठी RGBA16F च ठेवलं.

23 जून

आता मुळाशी. ओल्या रस्त्याचा खडबडीतपणा 0.2 ठेवलाय, म्हणजे α = 0.04 आणि α² = 0.0016. GGX या परावर्तनाच्या सूत्राचं शिखर `1/(π·α²)`, जवळपास 199. इतका टोकदार झोत नॉर्मल मॅपच्या खाचखळग्यांवरून पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच तपासला जातो. लागला तर 2000, हुकला तर 0.05. काजव्याचा जन्म इथे होतो.

एका पिक्सेलच्या आत नॉर्मल किती हलतो ते मोजून तेवढी भर α² मध्ये घातली:

```glsl
vec3 dx = dFdx(n), dy = dFdy(n);
float v = 0.16 * (dot(dx, dx) + dot(dy, dy));
alpha2 = min(alpha2 + min(v, 0.18), 1.0);
```

मध्यम अंतरावर `v` साधारण 0.02 धरा: α² = 0.0216, शिखर 199 वरून 14.7. झोत तेवढाच रुंद होतो, म्हणून प्रकाश हरवत नाही, पसरतो. लांबचा रस्ता यानेही सुटत नाही, कारण तिथे नॉर्मल मॅपची मिप आधीच सपाट झालेली असते आणि डेरिव्हेटिव्हना खाचा दिसतच नाहीत. तिथे मिप बनवताना सरासरी नॉर्मलची लांबी किती घटली ते साठवून त्यावरून खडबडीतपणा वाढवला.

एवढं झाल्यावर ब्लूमचे सगळे संरक्षक उपाय बंद करून कॅमेरा फिरवला. काजवे थोडेच उरले. हे काम पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. मर्यादा आणि भारित सरासरी हे शेवटचे पहारेकरी आहेत, सगळा भार त्यांच्यावर टाकला की ते दिव्यांनाही अडवतात.

25 जून

क्रम बदलला: आधीच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करणारा TAA पास आधी, ब्लूम नंतर. उलट क्रमात काजव्याचं वलय आधीच पसरलेलं असतं, आणि TAA ची शेजार-तपासणी त्याला ओळखू शकत नाही, कारण वलयाच्या आत सगळे शेजारी सारखेच उजळ असतात.

TAA च्या मिश्रणातही तेच वजन लागतं. नव्या फ्रेमचा वाटा 0.1 असला तरी 2000 चा काजवा वजनाशिवाय एका फ्रेममध्ये 200 चढवतो. `1/(1+luma)` लावून तोच 0.17 होतो. यात फिरत्या ग्रिडचा दोष छोटा असतो, कारण इथे तुलना शेजाऱ्याशी नसून त्याच जागेच्या इतिहासाशी आहे.

मात्र माळेच्या टोकाचे दिवे पुरते विझले. मलबार हिलकडचा दिवा 0.3 पिक्सेल रुंद आहे. TAA साठी कॅमेरा दर फ्रेमला किंचित हलतो, त्या जिटरच्या आठ जागांपैकी एखादीलाच तो सापडतो, आणि TAA च्या दृष्टीने तो काजवाच.

लांबचे दिवे भूमितीतून काढून टाकले आणि स्प्राइट केले. क्षेत्रफळ 0.3 × 0.3 = 0.09 पिक्सेल, गुणिले 2000, म्हणजे एकूण प्रकाश 180. हाच 180 सिग्मा 0.8 पिक्सेलच्या गाउशियनमध्ये 5×5 पिक्सेलांवर वाटला. शिखर येतं 180/(2π × 0.64), जवळपास 45. हे 64 च्या खाली असल्याने मर्यादा त्याला हातही लावत नाही, आणि कडा मऊ असल्याने तो सरकताना किमती हळूहळू बदलतात. माळ आता एकसंध दिसते. समुद्रातलं तिचं प्रतिबिंबही त्याच स्प्राइटवरून काढलं.

27 जून

अपसॅम्पल: सगळ्यात लहान पातळीपासून वर येत 3×3 तंबू फिल्टर, आणि प्रत्येक पायरीला `mix(mip[i], up, r)`. पातळ्या सहा, 960×540 पासून 30×16 पर्यंत.

`r = 0.85` ने सहाव्या पातळीला 44 टक्के वाटा जातो. सगळं दृश्य धुक्यात, दिव्याजवळ मात्र काहीच नाही. `r = 0.6` ने वाटे 0.40, 0.24, 0.14, 0.09, 0.05 आणि 0.08. बेरीज 1. दिव्याला चिकटून दाट वलय आणि लांबवर अगदी पुसट शेपूट. प्रत्यक्ष कठड्यावर उभं राहून ओल्या हवेत दिव्याकडे पाहिलं तरी वलय असंच दिसतं: मध्याशी घट्ट, मग पटकन उतरतं, पण शून्य कुठेच होत नाही.

टोनमॅपिंग ब्लूमच्या नंतरच. आधी केलं तर 2000 आणि 2 यांतला फरकच उरत नाही, आणि ओल्या फुटपाथलाही दिव्याएवढंच वलय येतं.

30 जून

चाचणी कायमची केली: कॅमेरा दर फ्रेमला 1/8 पिक्सेल, 240 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमला पाचव्या पातळीच्या प्रत्येक टेक्सेलचा आधीच्या फ्रेमशी फरक. सगळ्यात वाईट दहा टेक्सेल चित्रावर लाल चौकटीत दिसतात. सरासरी काढत नाही, कारण एक पेटणारा टेक्सेल सरासरीत बुडतो आणि डोळ्याला मात्र तोच आधी दिसतो.

आजच्या चौकटींपैकी बहुतेक काळी-पिवळी टॅक्सींच्या मागच्या लाल दिव्यांवर आहेत. मध्यम अंतरावर ते दोन पिक्सेलांचे असतात, हलतात, आणि स्प्राइटच्या अंतराच्या अलीकडे असल्याने अजून भूमितीतच आहेत. स्प्राइटची सीमा अंतरावर न ठेवता पडद्यावरच्या रुंदीवर ठेवायची: 3 पिक्सेलांखाली स्प्राइट, 3 ते 5 मध्ये दोन्हींचं मिश्रण, त्यापुढे भूमिती. हा बदल उद्या.